नववीसाठी पाठ टाचण: फोटोतला गुळगुळीत चेहरा आणि मुलांच्या मनातला आरसा

खाडीकाठ
नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, नववीची वर्गशिक्षिकाही आहे. मूल्यशिक्षणाच्या दोन तासिका (प्रत्येकी ३५ मिनिटं) हाताशी आहेत. त्यात फोटोतला चेहरा बदलणं आणि त्याचा मुलांच्या मनावर येणारा ताण हा विषय घ्यायचा आहे.

कारण समोरच घडलं. सहलीचा वर्गाचा फोटो मी माझ्या फोनवर काढला, तर मागच्या रांगेतल्या मुलींनी तो ग्रुपवर टाकू दिला नाही. "बाई, आमच्या फोनात काढा, तुमच्यात काळं येतं." त्यांच्या फोनात काढलेला फोटो मी मोठा करून बघितला. एकीच्या ओठाखालचा तीळ गेलेला, सगळ्यांचे गाल सारखेच दुधाळ, आणि मागचा समुद्र मात्र आहे तसा करडा. एका मुलीने तर ओळखपत्राचा फोटो काढायच्या दिवशी दांडीच मारली.

माझं कच्चं टाचण असं: पहिल्या तासाला प्रोजेक्टरवर दहा जाहिरातींचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवायचे, खोटं कुठे आहे ते ओळखायला लावायचं. दुसऱ्या तासाला चर्चा, आणि शेवटी "मी फिल्टर वापरणार नाही" अशी प्रतिज्ञा. मोबाईल वर्गात आणायला परवानगी नाही, माझा एक चालेल. हे टाचण जमेल का? काय बदलू?

आबा_हर्णै
बाई, विषय चांगला घेतलात. माझ्या मते उपाय एकच, कायदा. नॉर्वेत बदललेल्या प्रत्येक फोटोवर तसा शिक्का मारावा लागतो. फ्रान्समध्येही आहे. आपल्याकडे असा शिक्का सक्तीचा केला की मुलांना कळेल की हे खरं नव्हे, आणि प्रश्न मिटेल. तोवर घरून मोबाईल काढून घ्यावा.

नेत्रा_रत्नागिरी
आबा, नॉर्वेचा नियम १ जुलै २०२२ पासून आहे, पण तो जाहिरातीपुरता. पैसे घेऊन टाकलेल्या फोटोत शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली असेल तर शिक्का. कुणा मैत्रिणीने स्वतःचा फोटो गोरा करून टाकला तर त्याला तो लागू नाही. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून आहे, तोही जाहिरातीतल्या मॉडेलची अंगकाठी बारीक किंवा जाड केली असेल तर.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. "हा फोटो बदललेला आहे" असा शिक्का मारून मुलींना वाईट वाटायचं कमी होतं का, यावर अनेक प्रयोग झाले. बहुतेकांत शिक्क्याचा फायदा दिसला नाही. शिक्का वाचून नजर उलट त्याच भागावर जाऊन थांबते असंही काही ठिकाणी दिसलं. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींना साधे आणि बदललेले फोटो दाखवले. फिल्टर लावलाय हे मुलींनी बरंच ओळखलं, कंबर-पाय बारीक केलेले मात्र फारसे ओळखता आले नाहीत. आणि बदललेले फोटो पाहिल्यावर स्वतःच्या शरीराबद्दलचं समाधान कमी झालं, विशेषतः ज्यांना दुसऱ्याशी तुलना करायची सवय होती त्यांचं.

म्हणून बाई, तुमच्या टाचणातली माझी अडचण ही. "खोटं ओळखा" हा खेळ मुलांना आवडेल, पण खोटं आहे हे कळल्याने तुलना थांबत नाही. दहा सुंदर बायका मोठ्या पडद्यावर दाखवून आपण वर्गात तुलनेला दहा माणसं आणखी आणून बसवतो. मी रत्नागिरीत शाळांमध्ये समुपदेशन करते. असा तास झाल्यावर मुली जाहिरातीबद्दल बोलतच नाहीत, "पण ती खऱ्यातही माझ्यापेक्षा छान आहे" हेच बोलतात.

जाहिराती काढून टाका. तुमचाच चेहरा वापरा.

गौरीची_आई
माझी मुलगी आठवीत आहे. तिचे फोटो कुणीतरी उचलून वाईट फोटोला चिकटवेल अशी भीती वाटते. शाळेत फोटो टाकूच नयेत असं शिकवाल का? आणि गॅलरीला कुलूप लावायचं कुठलं ॲप चांगलं?

नेत्रा_रत्नागिरी
गौरीची आई, तुमची भीती खरी आहे, पण हा प्रश्न वेगळा. इथे मुलं स्वतःच स्वतःचा चेहरा बदलतात त्याबद्दल चाललंय. तुम्ही म्हणता तसं कधी घडलंच तर फोटो पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० या नंबरवर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. मुलीला ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

स्टुडिओवाला_बंडू
मी मालवणात फोटो स्टुडिओ चालवतंय. बाई, तुमच्या मुली खोटा बोलनत नाय. फोन खरोखरच बदलता, आणि त्यांनी काय दाबल्याशिवाय बदलता.

आता सगळ्यांसाठी साध्या मराठीत लिहितो. बऱ्याच फोनात पुढचा कॅमेरा उघडला की ब्युटी नावाची पट्टी आधीच अर्ध्यावर असते. फोन आधी चेहरा शोधतो, डोळे, नाक, ओठ, हनुवटी यांच्या जागा धरतो. मग डोळे-ओठ सोडून बाकी कातडीवर पुसट थर देतो, म्हणजे बारीक खड्डे, पुरळ, लव निघून जाते. वर थोडा उजेड चढवतो. काही फोन हनुवटी निमुळती करतात, डोळे मोठे करतात. हे सगळं फोटो दाबायच्या आधीच पडद्यावर चालू असतं. त्यामुळे मुलीला वाटतं की मी अशीच दिसते, आणि बाईंचा फोन काळं करतो.

ओळखायचं कसं ते माझं रोजचं काम आहे. पहिली नजर मानेवर टाका. फोन चेहरा उजळ करतो, मान आणि कान बरेचदा विसरतो. मग हनुवटीखाली रंगाची रेघ दिसते. दुसरी खूण कपाळावरच्या बारीक केसांची, ते पुसल्यासारखे होतात. टिकलीची कड विरघळते. आणि गाल बारीक केला असेल तर गालामागची खिडकीची गजं किंवा दाराची चौकट बघा, सरळ असायला हवी ती तिथेच वाकते.

एक अडचण पण सांगतो. ब्युटी शून्यावर आणली तरी काही फोन थोडं गुळगुळीत करतातच, संध्याकाळी उजेड कमी असला तर जास्तच. म्हणून खरा फोटो हवा असेल तर मागचा कॅमेरा, दिवसा, पडवीच्या सावलीत.

खाडीकाठ
बंडूदादा, हे सोनं दिलंत. नेत्राताई, माझाच चेहरा वापरायला मी तयार आहे. माझ्या गालावर वांग आहेत, त्यामुळे फरक चांगला दिसेल. पण मुलं माझ्या चेहऱ्यावर हसली तर?

नेत्रा_रत्नागिरी
हसतील, पहिली दोन मिनिटं. तुम्ही अवघडला नाहीत तर थांबतील. मुलांचा फोटो मात्र अजिबात वापरायचा नाही, कुणी हात वर करून स्वतःहून दिला तरी नाही. नववीत एकदा वर्गासमोर चेहऱ्याची चिरफाड झाली की दहावीपर्यंत टोपणनाव चिकटतं.

पहिला तास असा करून बघा. तुमचे चार फोटो काढा, त्याच दिवशी, त्याच पडवीत, त्याच साडीत.

पहिला, मागच्या कॅमेऱ्याने दीड मीटरवरून, मग चेहरा तेवढा कापून घेतलेला. दुसरा, त्याच कॅमेऱ्याने ३० सेंटीमीटरवरून. तिसरा, पुढच्या कॅमेऱ्याने ब्युटी शून्यावर. चौथा, ब्युटी पूर्ण.

पहिल्या दोनांत कुणी काहीच बदललेलं नाही, तरी नाक वेगळं दिसेल. जवळून काढलं की नाक कॅमेऱ्याच्या जास्त जवळ येतं आणि कान मागे पडतात, म्हणून नाक फुगतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं. साधारण एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक, चेहऱ्याच्या मानाने, पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं. सेल्फी बघून "माझं नाक फताडं आहे" म्हणणारी किती मुलं माझ्याकडे येतात! त्यांच्यासाठी हे पट्टी लावून मोजणं फार मोलाचं असतं. फोटोवर नाकाची रुंदी आणि दोन गालफडांमधलं अंतर मोजायला सांगा, भागाकार करायला सांगा. दोन उत्तरं वेगळी येतील, चेहरा तोच आहे.

मग तिसरा आणि चौथा. इथे बंडूदादांची खुणांची यादी आपण सांगायची नाही, मुलांनाच शोधू द्या. शेवटी एकच प्रश्न फळ्यावर: चौथ्या फोटोत जे जे बदललं, ते चांगलं आहे हे कुणी ठरवलं? वांग गेले, रंग उजळला, हनुवटी बारीक झाली. ही यादी फोन बनवणाऱ्याने ठरवली. गुगलने २०२० मध्ये आपल्या पिक्सेल फोनांत हे रीटचिंग सुरुवातीपासून बंद ठेवायचं ठरवलं, म्हणजे ते चालू ठेवणं हाही कुणाचा तरी निर्णयच असतो.

स्टुडिओवाला_बंडू
एक सूचना. झेरॉक्स काढून वाटू नका. काळ्या-पांढऱ्यात रंगाचा फरक दिसणारच नाही. चार बाय सहाचे रंगीत प्रिंट काढा, आणि लॅबवाल्याला बजावून सांगा की करेक्शन करू नको. प्रिंटचं मशीन स्वतःच उजेड-रंग सुधारतं, मग पहिला आणि चौथा जवळ येतात आणि तुमचा पाठ फसतो.

आबा_हर्णै
पण रीटचिंग आजचं नाही हो. आमच्या लग्नाच्या वेळी स्टुडिओवाले निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने डाग भरायचे. माझा देवीचा व्रण त्यांनी घालवला होता. आम्हाला काही झालं नाही.

स्टुडिओवाला_बंडू
अगदी खरं आबा, माझे वडील ते काम करायचे. निगेटिव्हवर जिथे पारदर्शक ठिपका, तिथे पेन्सिल, म्हणजे छापताना डाग फिका.

नेत्रा_रत्नागिरी
आबा, फरक कुणी केलं आणि किती वेळा केलं यात आहे. तुमचा चेहरा आयुष्यात एकदा दुसऱ्याने सुधारला. आज मुलगी स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवून, मोठा करून, दोष शोधत बसते, रोज. ऑस्ट्रेलियात २०२० च्या सुमारास एक प्रयोग झाला. तरुणींना स्वतःची सेल्फी काढून ती सुधारायला सांगितली. ज्यांनी सुधारण्यात जास्त वेळ घालवला, त्यांचं स्वतःच्या चेहऱ्याबद्दलचं असमाधान जास्त वाढलं. सुंदर फोटो हातात असूनही. दोष शोधण्याचा सराव होतो, आणि तो सराव आरशासमोरही चालू राहतो.

दाभोळचा_पोर
मी कॉलेजला आहे, धाग्यात मुलांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमचा मच्छीचा धंदा आहे. सुट्टीत बाबांबरोबर होडीवर जातो, तर शाळा उघडेपर्यंत मी पूर्ण करपलेला असायचो. दहावीत मित्रांनी माझ्या वाढदिवसाचा बॅनर लावला नाक्यावर. त्यात मी एवढा गोरा होतो की आमच्या आजीने विचारलं, हा कोण. सगळे हसले, मीही हसलो. पण त्यानंतर मी दोन महिने होडीवर गेलो नाही. उन्हात जायचं नाही म्हणून. बाबांना पोटात दुखतं सांगितलं. कुणाला खरं कळलं नाही.

मुलांमध्ये दंड, छाती, दाढी आणि उंची यावर चालतं. कुणी बोलून दाखवत नाही.

खाडीकाठ
दादा, हे लिहिलंस म्हणून फार बरं वाटलं. माझ्या टाचणात मुलगे खरंच नव्हते. आता चार फोटोंत शिपाईकाकांचाही एक संच घेणार, त्यांनी आनंदाने हो म्हटलंय.

दुसऱ्या तासाचं काय करू? प्रतिज्ञा नको असं वाटायला लागलंय.

नेत्रा_रत्नागिरी
प्रतिज्ञा नकोच. ती बाईंची असते, मुलांची होत नाही. आणि घरी जाऊन फिल्टर लावला की अपराधी वाटतं, तो आणखी एक ताण.

अमेरिकेत मुलींचं स्वतःच्या शरीराबद्दलचं असमाधान कमी करायला बॉडी प्रोजेक्ट नावाचा कार्यक्रम बरीच वर्षं चालतो, त्यातली एक युक्ती तुमच्या विषयाला, म्हणजे मराठीला, चपखल बसते. मुलांना आपण उपदेश करायचा नाही, त्यांनीच दुसऱ्याला समजवायचं. पत्रलेखन द्या: "तुझी पाचवीतली बहीण किंवा भाऊ म्हणतो, माझा रंग काळा येतो म्हणून मी वर्गाच्या फोटोत बसणार नाही. त्याला पत्र लिही." जे आपण आपल्या शब्दांत, स्वतःहून, चारचौघांत मांडतो त्याच्याकडे मन झुकायला लागतं, असा त्यामागचा विचार. "स्वतःहून" महत्त्वाचं. गुण द्यायचे नाहीत, वाचून दाखवायची सक्ती नाही.

पत्रांत एक गोष्ट येईलच, तिच्याकडे लक्ष ठेवा: "तू खूप सुंदर आहेस." तुम्हीही ते म्हणू नका. त्याने बोलणं पुन्हा दिसण्यावरच येतं, आणि ज्याला पटत नाही तो म्हणतो, बाई उगाच म्हणतात. होडी सांभाळणारे हात, आवाज, धावणं, हे लिहिणारी पत्रं येतील, त्यांना वाचायला जागा द्या.

आधी आणि पंधरवड्याने नंतर, नाव न घालता, तेच तीन प्रश्न चिठ्ठीवर विचारा: गेल्या आठवड्यात फोटोत येणं किती वेळा टाळलं, फोटो टाकण्याआधी किती वेळ सुधारला, दुसऱ्याचा फोटो बघून स्वतःबद्दल वाईट किती वाटलं. आकडे वाढले तर तास पुन्हा घेऊ नका, मला कळवा. दोन तासांत फार मोठा बदल होईल असंही धरू नका. चांगले कार्यक्रम बरेच तास चालतात आणि तरी परिणाम माफकच असतो.

एखादं मूल डबा टाकून देतंय, उन्हाळ्यातही अंग झाकतंय, आरसा सोडत नाही किंवा आरशाकडे बघतच नाही, असं दिसलं तर ते पाठातून सुटणारं नाही. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक असेल तर तिथे, नाहीतर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आबा_हर्णै
हे सगळं मान्य. पण घरात आजी म्हणते "उन्हात जाऊ नको, काळी पडशील, लग्न कसं जमेल", तिथे दोन तासिका काय करणार? ते फोनने आणलेलं नाही.

नेत्रा_रत्नागिरी
आबा, याला माझ्याकडे उत्तर नाही. फोन हे आजीचंच वाक्य दिवसातून शंभरदा म्हणतो, एवढं मला दिसतं. पालकसभेत हे घ्यावं की नको यावर माझं आणि माझ्या सहकाऱ्यांचं एकमत नाही. काहींच्या मते घरी उलट भांडणं होतात.

खाडीकाठ
पहिला तास आज झाला. बंडूदादांच्या सांगण्यावरून प्रिंट करेक्शनशिवाय आणले होते. नाक मोजताना वर्गात एवढी शांतता मी गणिताच्या तासालाही ऐकली नसेल. माझ्या नाकाचा भागाकार पहिल्या फोटोत ०.२६ आला, दुसऱ्यात ०.३३. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "म्हणजे बाई, माझं नाक मोठं नाय, माझा हात लहान हाय." सगळे हसले, तोही, पण मोकळा हसला.

चौथ्या फोटोत मानेची रेघ एका मुलीने सर्वांत आधी पकडली. ओळखपत्राच्या दिवशी न आलेली तीच. ती काही बोलली नाही, पेन्सिलीने रेघेवर बाण काढला आणि प्रिंट शेजारणीकडे सरकवला. मागच्या दाराची वाकलेली चौकट शिपाईकाकांच्या फोटोत सापडली. मग एक प्रश्न आला ज्याचं उत्तर मी दिलं नाही, उद्यावर टाकलं: "बाई, मग शाळेच्या दारातल्या बॅनरवर दहावीचे पहिले तीन गोरे का केलेत?"

बॅनर मी जाऊन बघितला. खरंच केलेत. तिघांच्याही माना वेगळ्या रंगाच्या आहेत.

स्टुडिओवाला_बंडू
बाई, ते फ्लेक्सवाला करतो, कुणी सांगत नाही तरी करतो. नाही केलं तर पालक म्हणतात फोटो डल आला, पुन्हा छाप. माझ्याकडेही तेच. मी कमी करायला लागलो तर दोन गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली. तुमच्या शाळेचा पुढचा बॅनर मला द्या. फोटो मी मागच्या कॅमेऱ्याने सावलीत काढतो, उजेड नीट घेतला तर कुणीच डल दिसत नाही. कातडीला हात लावणार नाही. पण मुख्याध्यापकांचं तसं पत्र हवं, म्हणजे पालक आले तर दाखवता येईल.

दाभोळचा_पोर
बंडूदादा, मुलांना विचारून करा पण. एखाद्याला पुरळ घालवून हवे असतील तर? मला तेव्हा विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, मलाच सांगता येत नाही.

नेत्रा_रत्नागिरी
बरोबर विचारलंस. पुरळ पंधरवड्यात जातात, रंग आणि तीळ जात नाहीत. मी तिथे रेघ ओढते, पण माझी एक सहकारी म्हणते काहीच बदलू नये. बाई, उद्याच्या तासाला हाच प्रश्न मुलांपुढे ठेवा. बॅनरसाठी नियम त्यांनीच लिहू देत, पत्रासोबत.

खाडीकाठ
ठेवते. मुख्याध्यापकांशी बोलले, ते म्हणाले मुलांनी लिहिलेला नियम आधी बघू, मग पत्राचं ठरवू. बंडूदादा, निकालानंतरच्या बॅनरचा दर कळवून ठेवा. दुसऱ्या तासाची पत्रं झाली की, मुलांना विचारून, दोन-तीन इथे टाकेन.